आधी भिजव, मग तापव

रात्री साडेनऊला नातवाचा फोन आला. तो हिंजवडीला नोकरी करतो, तिघं मित्र मिळून एक फ्लॅट घेतलाय. डबेवाल्या काकू दोन दिवस गावाला गेल्या होत्या, म्हणून साहेबांनी स्वतः पिठलं करायला घेतलं होतं.

"आजी, पिठल्यात भजी झाली गं."

मला आधी हसू आलं. मग म्हटलं, "त्यातलं एक भजं चमच्यावर घे आणि बोटांनी फोड. आत काय दिसतंय?"

"कोरडं पीठ. पिवळं, अगदी डब्यातून काढल्यासारखं."

"पीठ कसं घातलंस?"

"फोडणी केली, पाणी ओतलं, उकळलं. मग वरून पीठ टाकलं आणि ढवळलं."

पुढचं विचारायची गरजच नव्हती. उकळत्या पाण्यात पाव तास शिजूनही गुठळीच्या पोटात कोरडं पीठ राहतं, याचं त्याला फार नवल वाटत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंसमोर पिठलं केलं तेव्हा मलाही वाटलं होतं. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर मला जवळ बोलावून एवढंच म्हणाल्या, "पिठाला आधी पाणी भेटू दे, आच मग भेटेल." पुढची पन्नास वर्षं मी पिठल्याचं जे काही शिकले ते या एका वाक्याच्या पोटातलंच आहे. नातवाला त्या रात्री फोनवर सांगितलं तेच इथे जरा सावकाश सांगते.

गुठळी होते कशी

हरभऱ्याच्या पिठात पिष्ट असतं. गार पाण्यात ते नुसतं भिजतं, फुगत नाही. पाणी चांगलं तापलं की ते फुगतं, चिकट होतं आणि पिठलं आळतं. त्यासाठी उकळीसुद्धा लागत नाही, उकळीच्या बऱ्याच आधी हे सुरू होतं.

आता कोरड्या पिठाची मूठ उकळत्या पाण्यात पडली की काय होतं पाहा. बाहेरचं पीठ क्षणात भिजतं आणि त्याच क्षणी शिजून चिकट होतं. त्याची एक साल तयार होते. ही साल पाण्याला आत जाऊ देत नाही. मग आतलं पीठ त्या सालीत बंद पडतं आणि तुम्ही तासभर उकळलंत तरी कोरडंच राहतं. नातवाची भजी म्हणजे हीच.

पीठ आधी गार पाण्यात कालवलं तर कणन् कण सुटा भिजतो. मग आच लागली की सगळे कण एकाच वेळी फुगतात आणि पिठलं एकसारखं आळतं. म्हणून मंत्र एवढाच: आधी भिजव, मग तापव. पुढे जे जे सांगते ते सगळं हा क्रम मोडू नये यासाठीच आहे.

आमच्या आधीच्या बायका आधणात कोरडं पीठ पेरूनही पिठलं करायच्या, हे खरं आहे. डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ भुरभुरत सोडायचं आणि उजव्या हाताने पळी एक क्षण थांबू द्यायची नाही. त्यात बारीक गाठी राहायच्या आणि काही घरांत त्या गाठीच आवडीने खाल्ल्या जायच्या. ते पिठलं वाईट नाही, पण त्याला हात बसलेला लागतो. शिवाय आपल्याला आज सरसरीत, पळीतून धार पडेल असं पिठलं हवंय. त्यामुळे पेरणं बाजूला ठेवू.

कालवण्यातच निम्मं काम

तीन-चार माणसांना भातावर घ्यायला पुरेल एवढ्या पिठल्याला एक वाटी पीठ पुरतं. आमटीची नेहमीची वाटी घ्या आणि पाणीही त्याच वाटीने मोजा. पीठ चाळून घ्या. डब्यात, विशेषतः पावसाळ्यात, पिठाला दमट हवा लागते आणि त्याचे बारीक खडे बनतात. हे खडे दाबलेले असतात, पाण्यात सहज विरघळत नाहीत. चाळणीत ते बोटाने चुरडले की एक डोकेदुखी तिथेच संपते. पीठ नाकाशीही धरून बघा. जुनं झालेलं पीठ खवट वास मारतं आणि तो खवटपणा लसणाच्या फोडणीलाही झाकता येत नाही.

आता पातेल्यात पीठ घ्या आणि त्यात फक्त अर्धी वाटी गार पाणी घाला. सगळं पाणी एकदम घालू नका. घाई असते तेव्हा नेमकी इथेच चूक होते. पातळ पाण्यात पिठाचे गोळे तरंगतात, चमचा जवळ नेला की पळतात, कडेला जाऊन बसतात, फुटत नाहीत. थोड्या पाण्यात पीठ घट्ट असतं तेव्हा त्यांना पळायला जागा नसते. चमचा फिरला की आजूबाजूचं घट्ट पीठच त्यांना रगडतं.

मी चमचा घेत नाही, बोटांनी कालवते. पाचही बोटांची टोकं पातेल्याच्या तळाला टेकवून गोल फिरवायची. गुठळी डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळते. सापडली की पातेल्याच्या भिंतीवर अंगठ्याने दाबून पुसून टाकायची. भज्याच्या पिठाहून किंचित घट्ट, चकचकीत आणि बोटावरून संथ ओघळेल असं झालं की पहिला टप्पा झाला. दीड-दोन मिनिटं लागतात. मग त्यात दीड वाटी पाणी हळूहळू घालत पातळ करा. म्हणजे पिठात एकूण दोन वाट्या पाणी गेलं. आता पळी बुडवून उचला आणि तिची पाठ बघा. दुधाच्या पातळ सायीसारखा एकसारखा थर दिसला तर ठीक. ठिपके दिसले तर गाळणीतून गाळून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

नातवाने यातही स्वतःची युक्ती काढली. व्यायामशाळेत नेतो त्या शेकरच्या बाटलीत पीठ हलवू का, म्हणाला. मी म्हटलं, हलव की, पण आधी पाणी आणि मग पीठ. उलटं केलंस तर तळाच्या कोपऱ्यात पीठ चिकटून बसेल आणि बाटली कितीही हलवलीस तरी सुटणार नाही. पुढे त्याने तसंच केलं आणि जमलं त्याला. साधन कुठलं का असेना, पीठ सुटं भिजल्याशी मतलब.

कोणी कोणी कच्चट वास जावा म्हणून पीठ आधी कोरडं भाजून घेतात. चव खमंग येते, जरूर भाजा. पण भाजलेलं पीठ पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पाण्यात कालवा. गरम पिठावर पाणी ओतलंत तर पाणी आणि आच एकदम भेटली. मग त्या पिठाच्या गुठळ्या तुम्हाला पातेल्यातच भेटतील.

फोडणी आणि आधण

फोडणीत नवीन काही सांगण्यासारखं नाही. कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, कढीपत्ता. मग एक मध्यम कांदा. तो मात्र अगदी बारीक चिरा. कांद्याचे मोठे तुकडे पिठल्यात पिवळे होऊन गुठळीसारखेच दिसतात आणि मग गुठळी कुठली नि कांदा कुठला ते कळत नाही. कांदा मऊ झाला की पाव चमचा हळद घाला आणि लगेच दोन वाट्या पाणी ओता. चवीला मीठ घाला आणि आधण येऊ द्या.

पिठात दोन वाट्या आणि कढईत दोन, असं एका वाटी पिठाला चार वाट्या पाणी झालं. ते चारच का, ते पुढे सांगते. बाजूला भांड्यात आणखी अर्धी-पाऊण वाटी पाणी गरम करत ठेवा. शेवटी लागेल.

कालवलेलं पीठ फोडणीत थेट ओतू नका, आधी पाणी उकळून घ्या. कढईत नुसतं तेल आणि कांदा असताना पीठ ओतलं तर तापलेल्या लोखंडाला लागलेला पिठाचा पहिला थर घावनासारखा चिकटून जागीच शिजतो. उलथण्याने खरवडलात तर त्याचे तुकडे वर येतात आणि पिठल्यात पोहत राहतात. आधी पाणी असलं की पिठाला एकदम तापलेली कढई लागत नाही.

ती दोन मिनिटं

आधण आलं की गॅस अगदी बारीक करा. आता एक गोष्ट, जी जाणती माणसंसुद्धा विसरतात. कालवलेलं पीठ पाच मिनिटं नुसतं ठेवलं तरी खाली बसतं. वर पिवळसर पाणी आणि तळाला गाळासारखं घट्ट पीठ. न ढवळता ओतलंत तर आधी पाणी पडेल आणि शेवटी तो तळाचा गोळा बदकन आधणात जाईल. मग इतकी मेहनत करून गुठळ्या कशा झाल्या म्हणून तुम्ही कपाळाला हात लावाल. म्हणून ओतायच्या अगदी आधी तळापासून पुन्हा ढवळा. लाडवाचं जाडं पीठ वापरलं असेल तर ते आणखी लवकर बसतं, तिथे जास्तच सांभाळा.

एका हाताने बारीक धार सोडा आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहा. धार एकाच जागी पडत असली तरी चालेल, पळी मात्र त्या धारेखालून आणि कढईच्या तळावरून जाऊ द्या. पातेल्याला चिकटलेलं पीठ दोन चमचे पाण्याने धुऊन तेही घाला.

पीठ पडल्यापासून पहिला बुडबुडा येईपर्यंतची दोन-तीन मिनिटं हीच खरी परीक्षा. या वेळात मीठ शोधायला जायचं नाही, फोन उचलायचा नाही. पिठलं सगळीकडे एकाच वेळी आळत नाही. तळ सगळ्यात गरम, म्हणून तिथे आधी घट्ट होतं. वर बघावं तर अजून पाणीच. तुम्ही निवांत राहिलात की तळाशी जाड थर धरतो आणि पुढे ढवळताना त्याच्या लांबट, मऊ चकत्या सुटतात. गोल पळीपेक्षा सपाट टोकाचं लाकडी उलथणं इथे बरं, ते तळाला नीट टेकतं. पाणी जरा जड झालंय असं हाताला जाणवेल. मग अचानक, दहा-पंधरा सेकंदांत, सगळं एकजीव आळून येईल. आल्यावर आणखी अर्धा मिनिट घोटा.

पहिल्यांदाच करत असाल किंवा हात धीमा असेल तर एक सोपी वाट आहे. आधण आलं की गॅस बंदच करा. मिनिटभर थांबून सगळं कालवण ओता, नीट ढवळून एकजीव करा आणि मग मध्यम आचेवर पुन्हा गॅस लावा. वेळ तीन-चार मिनिटं जास्त जातो, पण घाबरगुंडी उडत नाही. इंडक्शनवर करणाऱ्यांनी तर हेच करावं. तिथे पातळ स्टीलच्या भांड्याचा मधला भागच फार तापतो आणि कडेचं पीठ पातळ असतानाच मध्ये लगदा धरतो. नातवाला मी हीच वाट दिली.

पिठलं आळलं की झाकण ठेवून बारीक आचेवर सात-आठ मिनिटं शिजू द्या. अधूनमधून ढवळा. आता नवी गुठळी व्हायची भीती उरलेली नसते, कारण कोरडं पीठ कुठेच राहिलेलं नसतं. झाकण मात्र हवंच. जाड पिठल्याचे बुडबुडे फदफद फुटतात आणि हातावर उडाले तर चांगलेच भाजतात. शिजल्याची खूण नाकाला कळते. कच्च्या डाळीचा वास जाऊन लसणाचा वास वर येतो. जिभेवर पिठूळ लागत नाही, वर तकाकी येते आणि कडेला तेल दिसू लागतं. बरेच जण आळलं की झालं असं समजून उतरवतात आणि मग पोट जड झालं म्हणतात. आळणं वेगळं, शिजणं वेगळं.

ताटात जायच्या आधी एक पाऊल पातळ

आता चार वाट्यांचा हिशोब. सुरळीची वडी करताना साधारण एक वाटी पीठ, एक वाटी ताक आणि दोन वाट्या पाणी घेतात. म्हणजे एकाला तीन. ते शिजवून ताटाच्या पाठीवर पातळ पसरलं की काही मिनिटांत त्याची घडी पडेल असं कापड होतं. पाटवडीचंही तसंच, फक्त ती याहून घट्ट आणि जाड थापतात. या दोन्ही वड्या म्हणजे गार होऊन बसलेलं पिठलंच. मग एकाला तीन पाणी घेतलेलं पिठलं कढईत कितीही सरसरीत दिसू दे, ताटात वाढून दोन घास होईपर्यंत ते वडी व्हायलाच निघालेलं असतं.

म्हणून पळीवाढं पिठलं हवं असेल तर एकाला चार. भाकरीशी खायचं असेल तर साडेतीन चालतं, कारण भाकरीच्या तुकड्यावर ते जरा टिकायला हवं. भातावर घ्यायचं तर चारच्या खाली येऊ नका. पीठ गिरणीतलं घरचं असेल किंवा दुकानातलं अगदी मऊ असेल, त्याप्रमाणे थोडाफार फरक पडतोच. तो वाटीने नव्हे, डोळ्याने सांभाळायचा.

त्याची खूण अशी. उतरवायच्या आधी एक चमचा पिठलं स्टीलच्या ताटलीत टाका आणि मिनिटभर थांबा. मग ताटली तिरकी करा. संथपणे वाहिलं तर बरोबर. जागेवर ढिम्म बसलं आणि नुसतंच थरथरलं तर अजून पाणी हवं. कढईत आहे त्याहून ताटलीत ते जेवढं घट्ट दिसेल, तेवढा फरक लक्षात ठेवायचा. आमच्या घरात पुरुष माणसं शेतातून यायला पुढे-मागे व्हायची, तेव्हा सासूबाई पिठलं मुद्दाम ताकाएवढं पातळ उतरवायच्या. शेवटच्या माणसाच्या ताटात ते बरोबर जायचं.

पाणी वाढवायचं झालं तर बाजूला ठेवलेलं गरम पाणीच घ्या, गार नको. आळलेल्या पिठल्यात गार पाणी पडलं की ते वेगळंच राहतं, खाली गोळे आणि वर पाणी अशी गत होते. गरम पाणी दोन-दोन चमचे घालून प्रत्येक वेळी घोटलं की ते आत मुरतं. एकदम अर्धी वाटी ओतलीत तर घोटता घोटता हात दुखतील.

उलटं झालं, म्हणजे पिठलं फारच पातळ राहिलं, तर वरून कोरडं पीठ भुरभुरू नका. तीच पहिली चूक पुन्हा होईल. चमचाभर पीठ वाटीत तीन चमचे गार पाण्यात कालवा आणि ते घाला. पुढे पाच मिनिटं शिजवा, नाहीतर त्या नव्या पिठाचा कच्चट वास राहतो.

झाल्याच गुठळ्या तर

त्या रात्री नातवासमोर कढई भरून भजी होती आणि दोन मित्र ताट घेऊन बसले होते. टाकून दे म्हणायला जीभ रेटेना.

गुठळी फोडून बघायला मी त्याला आधी सांगितलं होतं, त्याला कारण होतं. गुठळ्या दोन जातींच्या असतात. आत कोरडं पीठ असेल तर पीठ नीट भिजलंच नव्हतं. आतबाहेर सारखी मऊ, जेलीसारखी असेल तर पीठ भिजलं होतं, पण ढवळणं कमी पडून तळाशी थर धरला. पहिल्या जातीचा इलाज कालवताना करायचा, दुसऱ्या जातीचा कढईपाशी. कुठली जात आहे हे बघितलं नाही तर माणूस पुढच्या वेळीही चुकीच्या ठिकाणी काळजी घेत बसतो.

मऊ गुठळी मोडायला सोपी. गॅस बंद करून कढई खाली घ्या आणि रवीने घुसळा. ताक घुसळतो तशी रवी दोन्ही हातांत फिरवली की मिनिटाभरात पिठलं एकजीव होतं. आमच्याकडे पिठल्याला घोटलेलं पिठलं म्हणायचे ते काही उगाच नाही. कोरड्या पोटाची गुठळी अवघड. ती रवीने फुटते, पण तिच्या पोटातलं कोरडं पीठ गरम पिठल्यात सुटतं आणि त्याच्याही बारीक गुठळ्या होऊ शकतात. म्हणून मी नातवाला सांगितलं, मोठ्या गुठळ्या झाऱ्याने वेचून वाटीत काढ. त्यात दोन-तीन चमचे गार पाणी घाल आणि अंगठ्याने सगळ्या चिरड. आतलं कोरडं पीठ गार पाण्यात भिजू दे, गाळून घे आणि ते पाणी पुन्हा कढईत घालून ढवळ. कढईतल्या बाकीच्या पिठल्याला मात्र रवी लाव.

"रवी नाहीये आजी."

"मग काटेचमचा आहे का? दोन काटे एकत्र धर आणि फेट."

वीस मिनिटांनी त्याने फोटो पाठवला. पिठलं काही सुंदर नव्हतं, रंग थोडा मळकट झाला होता आणि घोटता घोटता लसणाचा भुगा झाला होता. पण गुठळी दिसत नव्हती. तिघांनी भाताशी संपवलं.

ताक घालायचं तर

ताकातलं पिठलं मला जास्त आवडतं. आंबटसर, जिभेवर रेंगाळणारं. तिथे चारपैकी एक वाटी पाणी कमी करा आणि तेवढं ताक घ्या. पण ते ताक कालवताना पिठातच गेलं पाहिजे, गार असताना. नुसतं ताक आधणात ओतलं तर ते फुटतं, पांढरे कण वेगळे आणि पाणी वेगळं होतं. मग लोकांना वाटतं पुन्हा गुठळ्या झाल्या. पिठात कालवलेलं ताक फुटत नाही, कारण आळणारं पीठ त्याला धरून ठेवतं. कढीला आपण पीठ लावतो ते याचसाठी. लिंबू पिळायचं असेल तर मात्र गॅस बंद केल्यावर, ताटात.

कोकणात कुळथाची पिठी करतात, तिथेही मंत्र हाच. पीठ गार पाण्यात कालवायचं, मग आमसुलाच्या आधणात धार सोडायची. पीठ बदललं, प्रदेश बदलला, तरी आधी भिजव, मग तापव हे बदलत नाही.

दुसऱ्या दिवशीचं पिठलं

उरलेलं पिठलं फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची वडी झालेली असते. ते तसंच कढईत टाकून तापवलं तर बाहेरून जळतं आणि आतून गार राहतं. आधी कढईत पाव वाटी पाणी उकळा, त्यात पिठलं फोडून टाका, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ द्या. वाफेने ते मऊ पडलं की मगच घोटा. मऊ पडायच्या आधी घोटलंत तर त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि ते पुढे फुटतच नाहीत. पहिल्या दिवसाइतकं गुळगुळीत ते होणार नाही, पण भाकरीला चालतं.

खरपुडी

आठवड्याने नातवाने पुन्हा केलं, या वेळी व्हिडिओ कॉल लावून. शेकरमध्ये पीठ हलवलं, आधण आल्यावर गॅस बंद केला, ओतलं, ढवळलं. पळी उचलून मला दाखवली, धार एकसंध पडत होती. मग त्याने विचारलं, "पण आजी, तुझ्याकडे कढईच्या तळाला ती लाल खरपुडी असते, ती का नाही आली?"

मला आनंद झाला पोराने विचारल्याचा. सतत ढवळलेल्या पिठल्याला खरपुडी धरत नाही, ही या पद्धतीची एकच खोट. पण तिलाही वाट आहे. पिठलं पूर्ण शिजलं, ताटलीत टाकून बघितलं, सगळं जमलं की शेवटची दोन-तीन मिनिटं झाकण ठेवून आच जरा वाढवायची आणि अजिबात ढवळायचं नाही. तळाला पातळ थर धरतो आणि खमंग लाल होतो. लोखंडी कढई असेल तर उत्तम. वाढताना पळी वरवरच चालवायची, तळाला टेकवायची नाही, नाहीतर इतका वेळ टाळलेल्या चकत्या शेवटच्या क्षणी पिठल्यात येतील.

सगळ्यांचं वाढून झालं की कढई पुढ्यात घ्यायची आणि उलथण्याने ती खरपुडी खरवडायची. ती वाटून घ्यायची नसते, करणाऱ्याने खायची असते. सासूबाईंनी त्या पहिल्या दिवशी माझ्या गाठीचं पिठलं मुकाट खाल्लं आणि कढई मात्र माझ्याकडे सरकवली होती.